पितरपाखात अडकलेली ओळख

देवराव गणवीर आमच्या कंपनीत रुजू झाला त्या दिवशी त्याच्या पायात नवे बूट होते आणि ते त्याला चावत होते. इंदोरा वस्तीतून इतवारीतल्या आमच्या कंपनीपर्यंत तो पायी आला होता. एका कापड गिरणीच्या स्टोअरमधली बारा वर्षांची पक्की नोकरी सोडून आलेला हा माणूस, आणि आल्या आल्या मला विचारतो, "पार्ट्यांकडे कवा जायचं?"

आमची कंपनी म्हणजे मिल स्टोअर. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांना लागणारे पट्टे, बेअरिंगा आणि असलाच तेलकट माल विकायचा. मालक भैय्याजी. मी बिलं लिहायचो. गिऱ्हाइकांना आम्ही पार्टी म्हणायचो आणि सावनेरपासून काटोलपर्यंतच्या सगळ्या पार्ट्या एकटा चंपतराव सांभाळायचा. कोणाच्या कारखान्यात कोणत्या मापाचा पट्टा लागतो, कोणाचा दिवाणजी तापट आहे, कोणाच्या घरी लगीन आहे, सगळं त्याला ठाऊक. गणपती बुडवले आणि दुसऱ्या दिवशी हा चंपतराव भैय्याजींशी भांडून समोरच्या कंपनीत गेला. एकोणसत्तर सालची गोष्ट.

त्याच्या जागी देवराव आला. भैय्याजींनी त्याला स्पष्टच सांगितलं, "सीझनच्या ऑर्डरी आल्या तर कायम. नाही तर आपला रामराम."

ऑर्डरी कधी येतात ते या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दसऱ्यानंतर कापूस येतो, कारखाना सुरू होतो. त्याच्या आधी यंत्रं उघडतात, जुने पट्टे उतरवतात, काय बदलायचं ते ठरतं. म्हणजे भादव्यातच. पार्टीकडे जाऊन नवा माणूस दाखवायचा, चंपतराव गेला हे आपल्या तोंडानं सांगायचं, तर ते तेव्हाच. पण भैय्याजी म्हणाले, "पितरपाख सुरू झाला. पितरपाखात नवा माणूस कोणाच्या दारात न्यायचा नाही."

देवराव अदबीनं म्हणाला, "मी हे पाळत नाही, भैय्याजी. छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी हे बंद हाये. मी एकटा जाऊन येतो ना."

"तुम्ही नसाल पाळत. पार्टी पाळते. आणि मालकानं ओळख करून दिल्याबिगर आपला माणूस कधी गेला नाही."

सबंध पंधरवडा देवराव सकाळी नमुन्यांची थैली भरायचा, खुर्चीला टेकवून ठेवायचा आणि संध्याकाळी रिकामी करायचा. मला म्हणायचा, "बाबू, मी रोज थैली भरूनच राहिलो गा." मधूनच पार्ट्यांची नावं माझ्याकडून घोकून घ्यायचा. एकदा हळूच म्हणाला, "पंचफुला म्हणते, गिरणी काहून सोडली? तिले काय सांगू?" पंचफुला म्हणजे त्याची बायको. मला भैय्याजींचा असा संताप यायचा! माणसाला पाण्यात ढकलायचं आणि वर हातपाय बांधून ठेवायचे, ही कुठली रीत?

घट बसले आणि भैय्याजींनी मोटार काढली. पुढे ते, मागे देवराव आणि मी. पहिली पार्टी सावनेरची, सगळ्यांत मोठी. तिथले रामाजी दिवाणजी म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय खिळा घेत नसे.

दिवाणजींनी चहा मागवला आणि विचारलं, "चंपतराव काहून नाही आला?"

भैय्याजी हसून म्हणाले, "त्यांची तब्येत ठीक राहत नाही. म्हणून हा नवा माणूस दिला तुम्हाले. आता ह्यालेच चंपतराव समजा."

मी देवरावकडे पाहिलं. तो उभा राहून हात जोडत होता. त्याचं नाव भैय्याजींनी सांगितलंच नाही. दिवाणजींनी विचारलंही नाही.

"तब्येत?" दिवाणजींनी बशी खाली ठेवली. "भैय्याजी, चंपतराव मागच्या हप्त्यात इथं दोन भाकरी खाऊन गेला. समोरच्या कंपनीत गेलो म्हणून त्यानंच सांगितलं. पट्ट्याचं माप घेतलं, ऑर्डर घेतली."

"पितरपाखात?"

"आमची यंत्रं उघडी पडली होती गा. त्यायले काय पितरपाख?"

भैय्याजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण मला हसू आलं नाही, कारण देवराव अजून उभाच होता. तो पुढे झाला. "दिवाणजी, थोडासा तरी माल आमच्याकडून घ्या. रात्री-बेरात्री पट्टा तुटला तर मले बोलवा, मी सायकलवर येतो."

दिवाणजी वाईट माणूस नव्हते. ते नरमाईनं म्हणाले, "पंधरा दिवस आधी आला असता तर अर्धी ऑर्डर तुले दिली असती. चंपतराव गेला हे तुमच्याच तोंडून ऐकलं असतं तर सगळीही दिली असती. आता शब्द गेला माझा."

पुढच्या पार्ट्यांकडे तेच झालं. दारात पाय ठेवला की, चंपतराव कुठं आहे? भैय्याजी 'तब्येत' म्हणाले की समोरचा माणूस खाली पाहायचा. शेवटी त्यांनी तब्येतीचं बोलणं सोडून दिलं, पण देवरावचं नाव सांगण्याचं काही त्यांना सुचलं नाही. परतीच्या वाटेवर देवराव खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "मले कोणी पाह्यलंच नाही, बाबू. सगळे माझ्यामागं चंपतराव उभा हाये का ते पाहत होते."

ऑर्डरींचा सीझन गेला. फुटकळ बेअरिंगांपलीकडे त्याला काही मिळालं नाही. गिरणीत परत विचारायला गेला, तर त्याच्या जागी माणूस भरलेला. संक्रांतीनंतर भैय्याजींनी त्याला महिनाअखेरीला रामराम म्हणून सांगितलं.

पण भैय्याजी या सगळ्यातून एक शिकले होते. नवा माणूस त्यांनी लगेच आणला, ठवकर नावाचा, आणि म्हणाले, "या वेळी जाणाऱ्यानंच येणाऱ्याची ओळख करून द्यावी. लवकर द्यावी. पार्टीले बरं वाटते." म्हणजे काढलेल्या देवरावनं, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, स्वतःच्या जागी आलेल्या माणसाला दारोदार दाखवायचं! मी म्हटलं, नको जाऊस, सरळ नाही म्हण. तो म्हणाला, "त्या पोराचा काय दोष गा?"

आम्ही तिघं एसटीनं सावनेरला गेलो. दिवाणजी कपाळाला आठ्या घालून देवरावकडे पाहत राहिले. "तुम्ही... चंपतरावाच्या जागचे ना?"

"हो," देवराव म्हणाला. "मले कंपनीनं काढलं. आजचा शेवटचा दिवस. हे माझ्या जागी आले. यांचं नाव शालिकराम ठवकर, मूळचे काटोलचे. वडील जिनिंगमध्येच फिटर होते, यंत्रातलं यायले समजते. कवाही बोलवा, येतील. माणूस चांगला हाये, दिवाणजी. यायले मोका द्या."

दिवाणजींनी खुर्ची पुढे ओढली. "बसा, शालिकरामजी," ते म्हणाले. "काटोलले कोणत्या आळीत राहता?"

खोलीत पाहुण्यासाठी खुर्ची एकच होती. देवराव आणि मी बाहेर कापसाच्या ढिगाजवळ येऊन उभे राहिलो. आत हसण्याचा आवाज आला, मग मापाची टेप उघडल्याचा. भैय्याजींना मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. देवराव वाकून बुटाची नाडी बांधत होता. ते बूट आता त्याला चावत नव्हते.

"बाबू," तो वर न बघता म्हणाला, "नाव बरोबर सांगितलं ना मी त्याचं?"