आठ स्लाइड माझ्या होत्या

रोपवाटिकेसाठी इन्स्टाग्रामवरचं ते कॅरोसेल, म्हणजे बोटानं सरकवत वाचायची पोस्ट, मी लिहिलं होतं. ‘भाजीची रोपं घेताना काय बघाल?’ आठ स्लाइड. लोकांनी ते इतकं सेव्ह केलं की अमरावतीच्या आमच्या जाहिरातीच्या छोट्या ऑफिसात दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.

मग सरांनी सांगितलं, याचाच एक छोटा व्हिडिओ आणि एक फोटो-पोस्ट करायची. मी लिहायचं आणि तेल्हाऱ्याहून नव्यानं आलेल्या पोरीनंही. रोपवाटिकेच्या मालकाला ज्याचं आवडेल, त्याच्याकडे ते काम कायमचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा!

मी आठही स्लाइड व्हिडिओत बसवल्या. एक शब्द सोडवेना. फोटोवरही पाच मुद्दे घातले. तिचं लिखाण मिळालं तेव्हा मी ते चुका शोधायलाच वाचलं. फोटो-पोस्टमध्ये माझ्या कॅरोसेलमधलं ‘पत्ता शेवटच्या स्लाइडवर’ चुकून राहिलं असेल, अशी फार आशा होती. नव्हतं. पत्ता तिनं कॅप्शनमध्ये आणला होता.

आम्ही दोघं अकोल्याला गेलो. जठारपेठेतल्या रोपांच्या दुकानात मालकांनी आधी माझा कागद मोठ्यानं वाचला. पहिल्याच वाक्याला थांबले.

“भाऊ, ‘शेवटपर्यंत सरकवत राहा’ म्हंता. व्हिडिओत मी काय सरकवू? रोपांचा ट्रे?”

कॅरोसेलमधलं वाक्य तसंच राहिलं होतं. तिच्यात जे शोधत होतो, ते माझ्यात निघालं. ती हसली नाही, याचाही मला राग आला.

मग तिचा कागद. डावीकडे काय दाखवायचं, उजवीकडे काय बोलायचं. सुरुवातीला मालकाच्या एका हातात उंच रोप, दुसऱ्या हातात ठेंगणं. “उंच रोप दिसलं का लगेच उचलता? कावून?” मग ठेंगण्याचं जाड खोड, ट्रेमधून उपसून दाखवलेली पांढरी मुळं, आणि दुकान कुठं ते. आठातल्या तीनच गोष्टी, अर्ध्या मिनिटात. फोटोवर तीच दोन रोपं आणि एकच ओळ: ‘उंचीवर भुलू नका, मुळं बघा.’

“हे तं मी गिऱ्हाइकाले रोजच सांगतो,” मालक म्हणाले. “हेच करा.” काम तिला गेलं.

परतीच्या बसमध्ये मी तोंड वाकडं करून म्हणालो, “ती ओळ चांगली लिहिलीस.”

“मी कुठं लिहिली, दादा? तुमच्याच सहाव्या स्लाइडवर होती, खाली, बारीक अक्षरात. मी फकस्त वर आणली.”

मी मोबाइल उघडून पाहिलं. खरंच होती. ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते, हे मी कसंबसं गिळलं असतं. पण माझं लिहिलेलं तिला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, हे मला आजही पचत नाही.