पाच मिनिटांचं टायटल

धुळ्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार भरायची, हेच काम मी उमेदीच्या वयापासून करत आलो. व्हिडिओ बनवायला लागलो तो नाइलाजानं. तेच तेच प्रश्न फोनवर सांगून घसा बसायचा. मग एकदा मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि बोलता बोलता काम केलं. लोकांना आवडलं.

पण व्हिडिओची कापाकापी मला जमेना. ओळखीच्या एका फोटोग्राफरनं जळगावच्या एका ताईंचा नंबर दिला. त्या आधी लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणाऱ्या स्टुडिओत होत्या, बाळ झाल्यावर घरूनच कामं घेऊ लागल्या. मी दुकानातून तुकडे पाठवायचो, त्या ते जोडायच्या, टायटल आणि खालची माहिती लिहायच्या आणि चॅनलवर चढवायच्या. टायटलकडे मी कधी लक्ष दिलं नाही. बघणारे वाढत होते आणि मी खूश होतो.

एक दिवस दुपारी एरंडोलकडच्या एका खेड्यातून फोन आला. माणूस शेतकरी, वय माझ्याएवढंच असावं. आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणून आधी मला कळलंच नाही.

"भाऊ, तुमनं व्हिडिओवर पाच मिनिट लिखेल व्हतं. ते वाचीसन मी पेटी उघाडी. झटका बसना."

मी विचारलं, "मेन स्विच बंद केला नव्हता का?"

"बंद करेल व्हता ना. तरी बसना. हात सुन्न व्हई गया व्हता. आते बरं शे."

काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. घरच्या बोअरच्या मोटरला चालू-बंद करायच्या पेटीत कंडेन्सर असतो. लाइट बंद केली तरी त्यात करंट साठून राहू शकतो. हात लावण्याआधी बल्ब बसवलेला होल्डर कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना लावून तो करंट उतरवावा लागतो. हे मी व्हिडिओत सांगितलं होतं. "तुम्ही पूर्ण पाहिला का?" असं मी विचारलं, तर तो साधेपणानं म्हणाला, "बठ्ठा व्हिडिओ कोन देखस भाऊ?"

फोन ठेवून मी टायटल वाचलं. "मोटर बंद पडली? घरीच ५ मिनिटांत चालू करा!" खाली माहितीत माझा पत्ता, बाकीच्या व्हिडिओंच्या लिंका आणि चॅनल सबस्क्राइब करण्याची विनंती. कंडेन्सरबद्दल अक्षर नाही.

मी संतापलो. बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर सूचना लिहून काढल्या. टायटलमध्ये मिनिटं लिहायची नाहीत. "घरीच" लिहायचं नाही. उद्गारचिन्ह नको. घाबरवणारं काही नको, लालूच नको, मी जे बोललो नाही ते नको. लिहिता लिहिता हात जड होत गेला आणि शेवटी लिहिलं, "कोणी मेलं तर जबाबदार कोण?" कागदाचा फोटो काढून पाठवला. झटक्याची हकिगतही कळवली.

उत्तर आलं, "ठीक आहे काका."

पुढचा व्हिडिओ आला त्याचं टायटल होतं, "मोटर दुरुस्तीची माहिती". खाली नुसतं दुकानाचं नाव. माझ्या एकाही सूचनेचा भंग झाला नव्हता, आणि तो व्हिडिओ जवळजवळ कोणी पाहिलाही नाही. मला वाटलं, बाई रुसली. नंतर वाटलं, रुसली नसेल, घाबरली असेल.

तांब्याची तार बघायला मला जळगावला जायचंच होतं. आधी फोन करून त्यांच्या घरी गेलो. आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होतो. पलंगावर बाळ झोपलेलं, शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. ताईंनी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "काका, त्या माणसाला काही झालं असतं तर... मला रात्रभर झोप लागली नाही."

माझा उरलासुरला राग तिथेच गेला. म्हटलं, "मी जरा जास्तच लिहिलं."

"लिहिलंत ते खरंच होतं. पण काय लिहू नको तेवढंच लिहिलंत. लिहू काय, ते कागदावर कुठेच नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि एक बोलू? कंडेन्सरचं तुम्ही सांगितलंत ते सहाव्या मिनिटाला. तोवर तुमचा स्वतःचा हात पेटीत जाऊन आलेला आहे."

त्यांनी व्हिडिओ लावून दाखवला. खरंच होतं. कंडेन्सरमधला करंट मी आधीच उतरवून ठेवला होता, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला एवढंच दिसलं, की मिस्तरीनं झाकण काढलं आणि सरळ हात घातला. मी खाली बघत चहा प्यालो.

मग ताईंनी विचारलं, "मोटर बिघडली की गिऱ्हाईक काउंटरवर येऊन पहिलं वाक्य काय बोलतं?"

"काय बोलणार? म्हणतं, घूं घूं करते पण फिरत नाही."

"मग हेच टायटल. लोक मोबाइलमध्ये हेच शोधतात. त्यांना कुठे ठाऊक असतं कंडेन्सर गेलाय ते?"

इतकी वर्षं लोकांचं ऐकत आलो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दोघांनी बसून सूचनांचा कागद नव्यानं लिहिला. टायटलची सुरुवात गिऱ्हाइकाच्या शब्दांनी, कारण मोबाइलवर लांब टायटलचं शेपूट कापलं जातं. मोटर कोणती, बोअरची की विहिरीवरची, तेही त्यातच. वेळेचा वायदा कधीच नाही. माहितीच्या पहिल्या दोन ओळींत धोका, कारण तेवढंच उघडं दिसतं, बाकीचं बोट लावल्याशिवाय उघडत नाही. त्यानंतर लागणारी अवजारं, मग कितव्या मिनिटाला काय आहे त्याची यादी, शून्यापासून सुरू. दुकानाचा पत्ता सगळ्यात शेवटी. उद्गारचिन्हावर आमचं अडलं. "एखादं तरी राहू द्या," ताई म्हणाल्या. धोक्याच्या ओळीला एक मंजूर केलं. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात माझ्यासाठी एक ओळ लिहिली: काकांनी धोका पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलायचा, नाहीतर व्हिडिओ परत पाठवला जाईल.

प्रश्न राहिला जुन्या व्हिडिओचा. टायटल बदलता येतं, आतलं बोलणं कसं बदलणार? ताई म्हणाल्या, "काढला तर सगळे व्ह्यूज जातील काका. नवा टाकला की पुन्हा शून्यापासून." तो आमचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ होता. मी पलंगावरच्या बाळाकडे बघत बसलो. निर्णय मला घ्यायचा होता, पण मेहनत त्यांचीही होती.

"काढून टाका," मी म्हटलं.

त्यांनी तो लगेच काढला. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी मोठा श्वास सोडला, एवढंच.

धुळ्याला परत आल्यावर तोच विषय नव्यानं चित्रित केला. पेटीत हात घालण्याआधी बल्बचा होल्डर हातात धरला. पहिल्या वेळी बोलायला उशीर झाला म्हणून ताईंनी व्हिडिओ खरंच परत पाठवला. दुसऱ्या वेळी पास झालो. नव्या व्हिडिओची लिंक मी एरंडोलकडच्या त्या भाऊंना पाठवली आणि फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कसानी भाऊ? बल्ब लाईसन देखा मी. चांगलं शे."

जुन्याइतके बघणारे नव्याला अजून मिळालेले नाहीत. मिळतील असंही दिसत नाही. पण खाली येणाऱ्या प्रश्नांत फरक पडला. आधी लोक विचारायचे, पाच मिनिटांत झालं नाही, आता काय करू? आता विचारतात, बल्ब किती वॅटचा घ्यावा?

मध्यंतरी ताईंचा फोन आला. स्वयंपाकाचं चॅनल चालवणाऱ्या एका बाईंचं काम त्यांना मिळालं होतं. आमचा कागद त्या बाईंना दाखवू का, असं विचारत होत्या.

"दाखवा की. पण त्यात मोटर आहे ना?"

"मोटर काढली मी," त्या म्हणाल्या. "प्रेशर कुकर घातला. बाकी सगळं तसंच ठेवलंय."