झाकणाखालचा पाव

साहेब शाळा-तपासणीतून निवृत्त झाले आणि घरी पाव भाजू लागले, पण तपासणीची खोड काही सुटली नाही. ओव्हन अडीचशे अंशांवर, आत बिडाचं जाड भांडं झाकणासकट पाऊण तास तापलेलं, त्यात फुगवलेल्या पिठाचा गोळा. इथवर सगळं बिनचूक. पण झाकण लावलं की त्यांना चैन पडत नसे. घडीघडी ते उचलून आत डोकावत.

"अहो, वाफ जाते ना सगळी!" बायको कळवळून म्हणे. "वाफेनं वरची साल मऊ राहते, म्हणून तर पाव फुगतो. निदान वीस मिनिटं हात लावू नका."

"लक्ष ठेवल्याशिवाय कामं होत नसतात," असं म्हणून साहेब आपला बसका पाव निमूट चावत.

एका रविवारी झाकण लावलं आणि मेहुण्याचा फोन आला. त्याला आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन साग्रसंगीत सांगायचं होतं. सुटका होताच साहेबांनी धावत येऊन झाकण काढलं, तर पाव टम्म फुगलेला, नुसता फिकट. आच थोडी कमी करून आणखी वीस मिनिटं उघडाच ठेवल्यावर तो खरपूस तांबूस झाला. जाळीवर निवताना साल चटचट वाजू लागली.

"बघा, दुर्लक्ष केलंत तर कसा झाला!" बायको म्हणाली.

"दुर्लक्ष कसलं? फोनवर असलो तरी वचक होता माझा."

आता दर रविवारी नेमका झाकण लागल्यावरच मेहुण्याचा फोन येतो. बायकोच त्याला कळवते, हे साहेबांना ठाऊक आहे. ते गुडघ्याची अगदी मनापासून चौकशी करतात.