हवालदाराचं घुंगरू

"आत्या, आजी गेली वं..." सुधीरचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. सुधीर म्हणजे माझ्या सरूकाकूचा नातू, आणि सरूकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. नव्वदीला टेकली होती, तरी तिच्या जाण्याची बातमी मला अगदी अचानक वाटली. मी तशीच उठले, पिशवीत एक लुगडं कोंबलं, देव्हाऱ्यातलं पितळी घुंगरू उचललं आणि रिसोडची एसटी पकडली. वाटेत शेजारच्या बाईला मयतीला निघाल्याचं सांगितलं, तर तिनं विचारलं, "कोण होती?" मी म्हटलं, "काकू." नुसतं काकू म्हटल्यावर काय समजणार तिला! माझी काकू कोण होती हे सांगायचं तर आधी एका कुत्र्याची गोष्ट सांगावी लागते.

एकोणीसशे पन्नास-बावन्नच्या सुमाराची गोष्ट, मी सहा-सात वर्षांची असेन. आमचं गाव रिसोड-रिठदच्या मधलं, घरची शेती. घरात एक लालसर कुत्रा होता, हवालदार. अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची तो हुंगून तपासणी करायचा, म्हणून हे नाव. तपासणी झाल्याशिवाय खुद्द माझ्या दादांना, म्हणजे वडिलांनासुद्धा, घरात प्रवेश नव्हता! पोळ्याला बैल सजायचे तेव्हा मी हट्ट करून त्याच्याही गळ्यात काळ्या दोऱ्यात एक घुंगरू बांधलं होतं. बैलांमागून तोही तोरणाखालून ऐटीत गेला, आणि तेव्हापासून ते घुंगरू त्याच्या गळ्यातच राहिलं. सरूकाकू त्याच वर्षी लग्न होऊन आली होती. सासरी तिची पहिली मैत्रीण मी आणि दुसरा हवालदार.

पुढच्या पावसाळ्यात गोठ्यात त्याला साप चावला. मी झोपेत असतानाच तो गेला आणि दादांनी सकाळीच त्याला शेतात नेऊन पुरलं. मी उठून शोधाशोध सुरू केली तेव्हा दादा म्हणाले, "हवालदार रिठदले गेला, तुह्या मामाच्या घरी. येईन परत." दादांचा जीव होता माझ्यावर, म्हणूनच ते खोटं बोलले. पण झालं काय, की मला आनंदाचं भरतंच आलं! हवालदार एकटा रिठदला गेला! त्याला रस्ता कसा सापडला! मी साऱ्या गल्लीला ही बातमी सांगितली, फडक्यात भाकर बांधली आणि त्याला आणायला निघाले. गावाबाहेर चिखलाच्या वाटेवर, नाल्याला पाणी असताना, एकटी.

नाल्याच्या अलीकडे मागून हाका आल्या. नवी नवरी सरूकाकू, डोक्यावरचा पदर घसरलेला, लुगड्याला चिखल, धावत येत होती. तिनं मला धरलं आणि तिथंच खाली बसली. धापा टाकत म्हणाली, "बेबी, रिठदले नको जाऊ. हवालदार तिथं नाही. त्याले साप चावला. मेला तो." झोपला नाही, देवाघरी गेला नाही... मेला. मी तिला दोन्ही हातांनी मारलं. तिनं मारू दिलं. मग मी विचारलं, "मंग परत कवा येईन?"

"नाही येत, बाई. मेल्यावर कोनी परत येत नाही."

"त्याले थंडी वाजत असन."

"नाही वाजत. आता त्याले थंडी नाही, भूक नाही, दुखनं नाही."

मग पोटात दडलेलं बाहेर आलं. "काल मी त्याले मर म्हटलं. म्हून मेला काय?" काकू हसली नाही की रागावली नाही. माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तुह्या बोलन्यानं नाही मेला. सापाच्या इखानं मेला. बोलन्यानं कोनी मरत नाही." हे तिनं पुनःपुन्हा सांगितलं, कारण मी पुनःपुन्हा विचारत होते. मग ती मला शेतात घेऊन गेली. बांधावरच्या बाभळीखाली ओली माती उकरलेली होती. आम्ही तिच्यावर दगड रचले आणि रिठदसाठी बांधलेली भाकर ठेवली. कावळ्यानं लगेच पळवली! दादांनी पुरण्याआधी सोडून ठेवलेलं घुंगरू घरी आल्यावर काकूनं मागून घेतलं. गळ्यातला दोरा हवा की घुंगरू, हे तिनं मलाच ठरवू दिलं. मी वाजणारं निवडलं.

आठवडा झाला नसेल तोच दादा बाजारातून एक पिल्लू घेऊन आले. "हे घे तुहा हवालदार!" मी किंचाळून कोपऱ्यात जाऊन बसले. आता पंचाईत अशी, की त्या काळी सून भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे. तर आमची काकू दाराआड उभी राहिली, हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून कडाडली, "बेबी, तुह्या दादाले सांग, हवालदार एकच होता! हे दुसरं कुत्रं हाये. तू मागशीन तवा घेऊ, तोवर शेजारी राहू द्या म्हन!" मी कोपऱ्यातून ओरडले, "दादा, काकू म्हनते..." दादा म्हणाले, "आयकलं, आयकलं!" घरात एवढी हिंमत कोणी पाहिली नव्हती. माझ्या आजीचं तोंड उघडंच राहिलं आणि पिल्लू गुपचूप शेजारी गेलं.

मग पोळा आला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैलांचा. काकूनं माझ्या लाकडी बैलाच्या गळ्यात ते घुंगरू बांधलं. पोरांची मिरवणूक निघाली आणि ती सरळ बाभळीकडे वळवली मी! काय आरडाओरडा, काय धावपळ! दगडांपाशी भाकर-गूळ ठेवला, घुंगरू वाजवलं. काकू म्हणाली, "आता सांग त्याच्याबद्दल." मी सांगता सांगता रडू लागले. तिनं पुरतं रडू दिलं. मग विचारलं, "रडाचं झालं? आता एक हसाचं सांग." मी हवालदारानं पाटलांचं धोतर पकडल्याची गोष्ट सांगितली आणि सारी पोरं लोळली. दरवर्षी हेच. एक गोष्ट रडायची, एक हसायची. त्या पहिल्या वर्षी घरी येताना मीच काकूला म्हटलं, "शेजारचं पिल्लू आणू?" त्याचं नाव शिपाई ठेवलं.

...तर मी गावी पोचले तेव्हा काकूला दवाखान्यातूनच परस्पर स्मशानात नेऊन झालं होतं. दारात सुधीरची पाच वर्षांची सई उभी. प्रत्येक जीपकडे पाहत होती. "मोठी आई वाशीमले गेली, दवाखान्यात. आज येनार," मला म्हणाली. मोठी आई म्हणजे तिची पणजी, आमची काकू. घरातल्यांनी तेच केलं होतं, दादांसारखं, प्रेमापोटी. मी सुधीरकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली. मग मी तिच्याजवळ पायरीवर बसले आणि काकूचेच शब्द काकूसाठी वापरले. मेली. परत नाही येत. दुखत नाही आता. तुझ्यामुळे नाही. सईनं पुनःपुन्हा विचारलं, मी पुनःपुन्हा सांगितलं. मग तिला काकूच्या खोलीत नेलं. म्हटलं, तुला हवं ते निवड. तिनं चष्मा पाहिला, बाजूला ठेवला. पानाच्या चंचीतली चुन्याची रिकामी पितळी डबी उचलली. माझ्या हातातलं घुंगरू पाहून म्हणाली, "हे यात बसते काय?" बसलं. तिनं झाकण लावून डबी हलवली.

तो आवाज ऐकला आणि इतका वेळ स्वतःला आवरून धरलेली मी ढसाढसा रडायला लागले. सई सरकून माझ्याजवळ आली. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "आत्याआजी, रडाचं झालं? आता एक हसाचं सांग." तिचा गुडघा फुटला की मोठी आई तिला असंच विचारायची म्हणे. मी डोळे पुसले, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून कडाडले, "बेबी, तुह्या दादाले सांग...!"

सई खदखदून हसली. मी निघाले तेव्हा डबी तिच्याच मुठीत होती. फाटकापर्यंत मला ती वाजताना ऐकू येत होती.