मुरबाडला स्टेशन नाही

मार्च २००२, पहिला सोमवार. कल्याणच्या तिकीट खिडकीशी मी आणि बायको. खिशात सहाशे रुपये, त्यातले तीनशे मिरजेच्या रुग्णालयात तिच्या कॅन्सरच्या तपासणीचे.

रुग्णालयाचा रेल्वेभाड्याच्या सवलतीचा दाखला बाबूने परत सरकवला. "मुरबाड ते मिरज? मुरबाडला स्टेशन कुठाय?"

गेल्या खेपेला रुग्णालयात गाव विचारलं, तेव्हा मीच मुरबाड सांगितलं होतं.

"मी कल्यान लिवते," बायको म्हणाली.

"खाडाखोड चालणार नाही, बाई. दुरुस्ती रुग्णालयाच्या सही-शिक्क्यानेच. आणि पूर्ण भाडं भरलंत तर फरक मागाहून मिळत नाही."

"मंग मी येकलीच जाते. तुमी गाव सांगत बसा," बायको माझ्यावर उखडली.

गाडीला वीस मिनिटं होती. दोघांचे दोनशे बावीस भरले. तपासणी सोडून अठ्ठ्याहत्तर उरले. परतीला सवलतीचं चौथाई भाडं लागलं, तरच पुरणार होते.

मिरजेत तपासणीचे तीनशे भरून मी आधी नवा दाखला मागितला. कारकुनाने विचारलं, "जवळचं स्टेशन?"

"कल्यान," बायकोने माझ्याआधी सांगितलं.

प्रमुख डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. सही-शिक्का संध्याकाळी मिळाला. मिरजेच्या खिडकीवर दाखला दिला. रुग्णाला आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट मिळून दोघांचे छप्पन रुपये रेल्वेला भरले.