मुका खो

खो-खोच्या मैदानाला स्वतःचा एक आवाज असतो. कोरड्या मातीवर घासणारी अनवाणी पावले, छातीतून फुटणारा श्वास, आणि त्या सगळ्यावरून वीज चमकावी तसा तो एकाक्षरी शब्द. आमच्या संघातल्या एका मुलीपर्यंत यातले काहीच पोहोचत नसे. लहानपणीच्या तापाने तिचे कान नेले होते. ती समोरच्याचे ओठ वाचून बोलायची, आणि बोलायचीही थोडेच.

साखरखेर्ड्याकडच्या एका लहान गावातली आमची शाळा. मी मराठी शिकवते. मुली बाहेरगावी खेळायला निघाल्या की सोबत जाते. वर्गात ही मुलगी खिडकीजवळ बसून फळ्याकडे पाहत राही. मैदानावर मात्र तिची पाठ जागी असे. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पाटीवर ओळीने उकिडव्या बसतात, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे. नववी धावते. तिला ही पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्या मुली मात्र बसलेल्यांच्या मधून हव्या तशा सटकतात. अशी कुणी पलीकडे निसटली, की तिकडे तोंड करून बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे. ती उठते, लावणारी तिच्या जागी बसते. हात आणि शब्द एकाच वेळी पडले पाहिजेत. त्याआधी उठली तर फाऊल, शब्द राहिला तरी फाऊल.

आमच्या मुलींच्या तोंडून मात्र तिच्यापुरता तो शब्द हळूहळू गळून गेला. जिला ऐकू येत नाही तिला ओरडून काय सांगायचे? त्या तिच्या पाठीवर नुसता तळवा टेकवीत, आणि ती उसळून उठे. सरावाला शिट्टी कुठली. खेळाचे सर एकटे, तेही बहुतेक वेळा खांबाजवळ. मला तर तो मुका खो फार देखणा वाटे.

जिल्ह्याच्या सामन्यांना निघण्यापूर्वी तिची आई शाळेत आली होती. घरची भाजीची शेती. हाताला मिरचीचा वास.

“वर्गात तिले आयकू येत नाही, मंग बसून काय करते, मॅडम?” ती म्हणाली. “खेळात पुढं गेली त ठेवू शाळेत. विभागाले गेली पायजे. नाही त दिवाळीपासून वावरात येईल.”

मुलगी आईच्या ओठांकडे पाहत होती. तिने मान हलवली.

बुलढाण्याला आधीच्या सामन्यांत मुका खो गोंगाटात खपून गेला. अंतिम सामना संग्रामपूरकडच्या मुलींशी होता; जिंकेल तो संघ विभागाला. दुसऱ्या डावातली शेवटची पाळी, पाठलाग आमचा, आणि आम्ही एका गुणाने मागे. एक गडी बाद झाला की बरोबरी, मग जादा डाव. त्यांच्या शेवटच्या तुकडीतल्या तिघींपैकी एक उंच मुलगी आमच्या ओळीतून सुईतल्या दोऱ्यासारखी ये-जा करत होती.

“काऊन व, झोपल्या काय साऱ्या?” बाहेरून त्यांच्या मुली ओरडत होत्या.

“थांब व, आता दाखवतो!” आमच्यातली एक बसल्या जागेवरून म्हणाली.

उंच मुलगी पाटी ओलांडून पलीकडे गेली. तिकडेच तोंड करून आमची ती बसली होती. धावणारीने तिच्या पाठीवर तळवा टेकवला. शब्द नव्हता.

शिट्टी वाजली. सगळे मैदान थांबले. ती थांबली नाही. तिला शिट्टी कोण सांगणार? उंच मुलगी शिट्टी ऐकून सैल झाली होती. हिने जाऊन तिच्या खांद्याला हात लावला, आणि वळून दोन्ही हात वर केले. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे ऊन होते, ते मला आजही बघवत नाही.

पंचांनी हात आडवे हलवले. फाऊलवर झालेला बाद धरत नाहीत. उलट दिशेने जा, म्हणून त्यांनी खूण केली. ती गेली, पण खांबाला वळसा घालून परत येण्याआधीच वेळ संपली.

खो देणारी माझ्या पदराशी येऊन रडू लागली. “मी म्हणलं नाही, मॅडम. तिले कधी म्हणाच लागलं नाही ना!”

ती मात्र एकेकीच्या ओठांकडे पाहत विचारत होती, “काय झालं? लागला होता ना हात?” मुली मान खाली घालत, आणि खाली गेलेल्या मानेचे ओठ वाचता येत नाहीत. शेवटी तिची हनुवटी उचलून मीच सावकाश सांगितले. तिने माझे ओठ दोनदा पाहिले. मग स्वतःच्या पाठीकडे हात नेला, जिथे तळवा पडला होता तिथे.

आईने शब्द पाळला. दिवाळीनंतर खिडकीजवळची जागा रिकामी झाली. मी एकदा घरी जाऊन आले. चहा मिळाला, उत्तर तेच मिळाले.

आता सरावाला मुली ‘खो’ इतक्या मोठ्याने म्हणतात की माझ्या वर्गात कविता थांबते.

परवा एसटीतून येताना रस्त्यालगत मिरचीच्या रांगेत ती दिसली. उकिडवी बसली होती, मैदानावर बसायची तशीच, रस्त्याकडे पाठ करून. खिडकीतून हाक मारून काही उपयोग नव्हता.