गाळून आणलेलं दूध

बिराप्पाचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, जनावरांवर होता. जनावर कासेची वेदना लपवत नाही, धार काढणाऱ्याला लाथ मारून मोकळं होतं. माणूस मात्र हसत हसत किटली पुढे करतो. तीस वर्षं मेंढरांमागे हिंडून तो आटपाडीच्या बाजूला घर बांधून स्थिरावला आणि मग गावच्या दूध केंद्रात दूध तपासायला बसला. ही जागा त्याला अध्यक्ष नानासोंनी दिली होती. नानासो ते रोज आठवण करून देत. देवाने पाऊस पाडला तर तोही एवढ्या वेळा सांगत नसेल.

केंद्रात फॅटचं मशीन होतं, पण बिराप्पाचा जीव चार खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीवर होता. गाईच्या एकेका सडाचं दूध एकेका खळग्यात घ्यायचं, तेवढंच जांभळं औषध टाकायचं आणि ताटली गोल फिरवायची. चांगलं दूध पातळच राहतं. कास सुजलेल्या गाईच्या दुधात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी भरून आलेल्या असतात, त्यामुळे ते अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं लिबलिबीत होतं.

नानासोंच्या काळ्या-पांढऱ्या गाईचं मागचं डावं सड सोमवारी दगडासारखं झालं. हात लावला तर चटका बसे. धारेत पांढऱ्या गाठी आणि पिवळसर पाणी. डॉक्टरांनी सडात औषधाच्या नळ्या सोडल्या आणि बजावलं, की औषध चालू असेपर्यंत आणि ते थांबल्यावर आणखी तीन दिवस चारही सडांचं दूध कुणाला घालायचं नाही. औषध रक्तात मिसळतं आणि बाकीच्या सडांतूनही उतरतं. नानासोंनी मान हलवली. सभेतही ते अशीच मान हलवत.

गुरुवारी सकाळी ते स्वतः किटली घेऊन आले. दूध पांढरंशुभ्र, एक गाठ नाही. बिराप्पाने थोडं खळग्यात घेऊन औषध टाकलं. ताटली फिरवली तशी मधोमध गुळगुळीत ढेकूळ जमलं.

"फडक्यातनं दोनदा गाळलंय रं. काय राहिलंय त्यात?" नानासो म्हणाले.

या भागात निम्म्या गावाचं हेच शास्त्र होतं. गाठी फडक्यात राहिल्या की रोगही फडक्यातच राहिला. बिराप्पाला या शास्त्रज्ञांचा मनापासून तिटकारा होता. दुधातली साखर घटलेली, खारटपणा वाढलेला, जंतू उतरलेले, वर औषध मिसळलेलं. यातलं काय फडकं धरणार होतं? उकळून जंतू मरतात, पण काहींचं विष उकळूनही उरतं आणि औषध तर जातच नाही. दह्याचं विरजण त्यात धरत नाही, आणि पोराबाळांच्या पोटात ते रोज थोडं थोडं जात राहिलं तर पुढे खऱ्या दुखण्यात तेच औषध लागू पडत नाही.

त्याने किटली बाजूला ठेवली. दूध घेत नाही, एवढंच म्हणाला आणि भांडी धुवायला नळाकडे वळला. परत फिरला तेव्हा नानासोंची किटली जवळजवळ रिकामी होती आणि अर्ध्या भरलेल्या कॅनवर फेस डोलत होता. त्या कॅनमध्ये सहा घरांचं दूध होतं. त्यातलं एक बिराप्पाच्या सुनेचं, राणीचं.

"आता कुणाचं कुठलं, वळख बरं," नानासो म्हणाले.

बिराप्पाने ओळखायचा प्रयत्न केला नाही. कॅन आडवा केला, ढकलत दाराबाहेर नेला आणि शेणखड्ड्यात ओतला. दूध शेणावरून सावकाश पसरत गेलं.

दूध घालून बाहेर थांबलेल्या त्या सहा घरांच्या बायका धावल्या. सुलाबाईचं तोंड सगळ्यांत मोठं. तिने बिराप्पाच्या अकलेपासून त्याच्या मेंढरांपर्यंत सगळं काढलं. राणीने सासऱ्याकडे पाहिलंच नाही. नानासो गर्दीला समजावत होते, की म्हातारा चळलाय, चांगल्या दुधाची माती केली, याच्याकडून केंद्राची किल्ली आताच घ्यायला हवी. त्यांनी हात पुढे केला.

बिराप्पाने किल्ली खिशातून काढली. देता देता त्याने विचारलं, "नानासो, तुमच्या घरात आज चहाला कुठलं दूध हाय?"

"म्हशीचं. का?"

"गाईचं का न्हाई?"

नानासोंनी पुढे केलेला हात मागे घेतला. सुलाबाईचं तोंड थांबलं, आणि ते थांबलं की गाव कान देतं. तिने नानासोंच्या किटलीत डोकावून पाहिलं. तळाला पेलाभर दूध उरलं होतं. तिने किटली उचलून त्यांच्यासमोर धरली.

"एवढं चांगलं हाय, तर घ्या की."

"मला शुगर हाय."

कुणी हसलं नाही. हसण्याइतकाही मान त्यांना द्यावा असं कुणाला वाटलं नाही. सुलाबाईने ते पेलाभर दूधही खड्ड्यात उलटं केलं आणि रिकामी किटली त्यांच्या हातात दिली. नानासो किटली घेऊन रस्त्याला लागले. किल्ली बिराप्पाच्याच हातात राहिली, कारण ती मागायला त्यांना त्या सहाजणींकडे तोंड वळवावं लागलं असतं.